सारख्याच वजनाच्या दोन बाटल्या, पण पडल्यावर एकच का फुटते? जाणून घ्या प्लॅस्टिकची बाटली कशी बनते!

घरातली फिनेलची, शाम्पूची किंवा इंजिन ऑइलची रिकामी बाटली घ्या आणि उलटी करून तळ बघा. तळाच्या मधोमध एक सरळ रेघ दिसेल, जखम शिवल्यावर राहते तशी. आता पाण्याची पारदर्शक बाटली उलटी करा. तिथे रेघ नाही, मधोमध एक छोटा गोल ठिपका आहे.

दोन्ही बाटल्या आत हवा फुंकूनच बनतात, पण पद्धती वेगळ्या आहेत. ठिपका असलेली बाटली ‘पेट’ प्लॅस्टिकची. तिच्यासाठी आधी परीक्षानळीसारखी जाड नळी साच्यात ओतून बनवतात, मग ती पुन्हा गरम करून, ताणून फुगवतात. रेघ असलेली बाटली मात्र बहुतेक वेळा एचडीपीई या प्लॅस्टिकची असते. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असेल तर ती नक्कीच एचडीपीईची. या बाटलीचा जन्म वितळलेल्या, लोंबणाऱ्या नळीतून होतो. या पद्धतीला म्हणतात एक्स्ट्रूजन ब्लो मोल्डिंग.

या लेखात आपण ही दुसरी पद्धत समजून घेऊ. त्यातही एका प्रश्नाचं उत्तर शोधू. एकाच मशीनवर बनलेल्या, काट्यावर अगदी सारख्या वजनाच्या दोन बाटल्या भरून खाली टाकल्या, तर एक धडधाकट राहते आणि दुसरी तळाच्या कडेला फुटते. असं का होतं?

सुरुवात होते पॅरिसनपासून

दिवाळीत चकली करताना सोऱ्यात पीठ भरतो आणि दाबतो. खालच्या ताटलीला जसं भोक, तशी चकली. ब्लो मोल्डिंगच्या मशीनचा पहिला भाग असाच आहे. प्लॅस्टिकचे दाणे एका गरम नळकांड्यात पडतात. आत फिरणारा स्क्रू त्यांना वितळवत, मळत पुढे ढकलतो. एचडीपीई साधारण १३० अंश सेल्सियसला वितळतं, पण ते नीट वाहावं म्हणून १८० ते २०० अंशांच्या आसपास ठेवतात.

फरक एवढाच, की इथे भोकाच्या मधोमध एक दांडा असतो. बाहेरच्या कड्याला डाय म्हणतात आणि मधल्या दांड्याला मँड्रेल. या दोघांमधल्या गोल फटीतून प्लॅस्टिक बाहेर येतं, त्यामुळे ते भरीव न येता पोकळ नळीच्या रूपात खाली लोंबतं. ही गरम, मऊ नळी म्हणजे पॅरिसन. शब्द मूळचा फ्रेंच, काच फुंकणाऱ्या कारागिरांचा. फुंकण्याआधीच्या काचेच्या गोळ्याला ते असंच काहीसं म्हणत.

बाटलीत जेवढं प्लॅस्टिक असणार, ते सगळं या नळीत आलेलं असतं. नंतर हवा फक्त ते पसरवते, त्यात भर घालत नाही. म्हणजे बाटलीचा कोणता भाग जाड होणार आणि कोणता पातळ, याचा बराचसा निकाल हवा फुंकण्याआधीच लागलेला असतो.

पण ही नळी सरळ स्वभावाची नाही. तिच्या दोन खोडी आहेत.

पहिली खोड फुगण्याची. फटीतून बाहेर पडताना दाबलेलं प्लॅस्टिक मोकळं होतं आणि फुगतं. फट २ मिलिमीटरची असली, तरी नळीची जाडी २ मिलिमीटरपेक्षा जास्त भरते. किती जास्त, हे प्लॅस्टिकचं तापमान, बाहेर पडण्याचा वेग आणि दाण्यांचा ग्रेड यावर ठरतं. म्हणूनच दाण्यांची नवीन बॅच आली, किंवा दळून परत वापरलेल्या प्लॅस्टिकचं प्रमाण बदललं, की कालपर्यंत व्यवस्थित चाललेलं सेटिंग आज बिघडतं.

दुसरी खोड लोंबण्याची. नळी हवेत लटकत असते. तिच्या वरच्या भागावर खालच्या सगळ्या भागाचं वजन येतं, त्यामुळे वरचा भाग ताणला जाऊन पातळ होतो. मधाची धार वरून सोडली की ती ताणली जाऊन बारीक होते, तसाच प्रकार. नळी जितकी लांब, जितकी गरम आणि जितका वेळ लटकलेली, तितकी ही खोड वाढते.

साचा बंद होताना काय घडतं?

नळी हवी तेवढी लांब झाली, की दोन अर्धे साचे दोन्ही बाजूंनी येऊन तिला मधे घेतात. वरून एक पातं नळी कापतं आणि साचा तिला घेऊन बाजूला सरकतो, कारण डायमधून पुढची नळी यायला लागलेली असते. मग वरून मानेच्या जागी एक पोकळ पिन आत उतरते. ती बाटलीच्या तोंडाला आतून आकार देते आणि तिच्यातूनच हवा आत जाते.

साचा बंद होताना तळाशी मात्र एक नाजूक काम चालू असतं. नळी खालून उघडी असते, ती बंद करायला हवी. साच्याच्या तळाच्या दोन धारा नळीला दोन्हीकडून चिमटीत पकडतात. नळीच्या दोन्ही भिंती एकमेकींवर दाबल्या जातात आणि आधीच वितळलेल्या असल्याने एकजीव होतात. या चिमट्याला पिंच-ऑफ म्हणतात. तुमच्या बाटलीच्या तळावरची रेघ म्हणजे हाच जोड. चिमट्याच्या खाली उरलेला प्लॅस्टिकचा तुकडा म्हणजे फ्लॅश. तो तोडून, दळून पुन्हा दाण्यांत मिसळतात.

या धारा किती तीक्ष्ण असाव्यात? फार तीक्ष्ण असतील, तर जोड होण्याआधीच नळी कापली जाते. फार बोथट असतील, तर फ्लॅश नीट सुटत नाही आणि तोडताना तळालाच ओढ बसते. म्हणून धारेला सुरीसारखं टोक न ठेवता थोडी सपाट पट्टी ठेवतात.

साचा बंद होण्याचा वेगही महत्त्वाचा. सुरुवातीला तो झटकन येतो, कारण नळी लटकलेली आहे आणि ताणली जाते आहे. पण शेवटच्या थोड्या अंतरात त्याचा वेग कमी करतात. त्यामुळे चिमटीतलं थोडं प्लॅस्टिक बाटलीच्या आतल्या बाजूला ढकललं जातं आणि जोडाच्या जागी आतून एक जाडसर वरंबा तयार होतो. साचा शेवटपर्यंत धाडकन आपटला, तर जोडाच्या जागी वरंब्याऐवजी खाच पडू शकते. खाच पडलेला जोड पहिल्याच धक्क्यात उघडतो.

बंद झालेला साचा बंद राहायलाही हवा. समजा बाटली ८.४ सेंटिमीटर रुंद आणि २२ सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे समोरून दिसणारं क्षेत्रफळ सुमारे १८५ चौरस सेंटिमीटर. आतल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो धरला, तर ही हवा साच्याचे दोन अर्धे साधारण १,१०० किलोंच्या जोराने वेगळे करू पाहते. चिमट्यात प्लॅस्टिक दाबायला लागणारा जोर वेगळाच. साचा धरून ठेवणारा जोर कमी पडला, तर दोन अर्ध्यांमध्ये केसाएवढी फट पडते आणि बाटलीच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या रेघा जाड, खरखरीत होतात.

हवा आत जाते, आणि कोपरा उपाशी राहतो

आता आपली एक लिटरची बाटली घेऊन हिशेब करू. हिशेब ढोबळ आहे, पण मूळ गोष्ट त्यातून स्पष्ट होते.

पॅरिसनचा व्यास २८ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी ३ मिलिमीटर आहे असं धरू. बाटलीचा व्यास ८४ मिलिमीटर. म्हणजे नळीला तिप्पट रुंद व्हायचं आहे. प्लॅस्टिक तेवढंच, घेर तिप्पट. म्हणून भिंतीची जाडी एक तृतीयांश होणार, म्हणजे १ मिलिमीटर. मानेखाली, जिथे खांदा सुरू होतो, तिथे नळीला फारसं पसरावंच लागत नाही. तिथे जाडी जवळपास ३ मिलिमीटरच राहते. अशा बाटलीचं वजन ६० ग्रॅमच्या आसपास भरेल.

पण खरी अडचण तळाच्या कोपऱ्यात आहे, म्हणजे जिथे उभी भिंत संपून तळ सुरू होतो त्या गोल कडेला. फुगणारी नळी साच्याच्या भिंतीला सगळीकडे एकदम टेकत नाही. आधी मधल्या भिंतीला टेकते. साचा थंड पाण्याने गार ठेवलेला असतो, त्यामुळे जिथे ती टेकली तिथे तिचा पृष्ठभाग लगेच घट्ट होतो आणि त्या भागाचं पसरणं थांबतं. मग तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचायचं काम उरलेल्या, अजून मऊ असलेल्या थोड्याशा प्लॅस्टिकवर येतं. कोपरा सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत शेवटी भरला जाणारा. पंगतीत शेवटच्या पानापर्यंत पोचेस्तोवर भांड्यात जेवढं उरलं, तेवढंच त्याच्या वाट्याला.

समजा, आपल्या बाटलीत भिंत १ मिलिमीटर असताना कोपऱ्यात जाडी फक्त ०.५ मिलिमीटर भरली. भरलेली बाटली हातातून निसटून तळावर आपटते, तेव्हा आतल्या द्रवाचा सगळा दणका याच कडेवर येतो. म्हणजे जिथे ताकद सगळ्यांत जास्त हवी, तिथेच प्लॅस्टिक सगळ्यांत कमी.

मग सगळीच बाटली जाड का करत नाहीत?

कोपऱ्यात ०.५ ऐवजी ०.८ मिलिमीटर हवी आहे असं ठरवलं. सरळ उपाय म्हणजे डायची फट वाढवून अख्खी नळी जाड करणं. ०.५ चं ०.८ करायला नळीची जाडी १.६ पट हवी, म्हणजे ३ ऐवजी ४.८ मिलिमीटर. पण मग बाटलीचं वजनही १.६ पट होणार. ६० ग्रॅमची बाटली ९६ ग्रॅमची. दिवसाला ४,८०० बाटल्या निघत असतील, तर रोज १७० किलोंहून जास्त प्लॅस्टिक फुकट गेलं, आणि तेही बहुतेक अशा जागी, जिथे त्याची गरजच नव्हती.

शिवाय दुसरा फटका बसतो तो वेळेचा. बाटली बनवताना सगळ्यांत जास्त वेळ ती गार होण्यात जातो. साचा बाहेरून गार करतो आणि प्लॅस्टिकमधून उष्णता फार हळू बाहेर पडते. जाडी दुप्पट झाली, तर गार व्हायचा वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट होतो. घाई करून बाटली आधीच बाहेर काढली, तर जाड भाग आतून गरमच असतो. तो नंतर गार होताना इतरांपेक्षा जास्त आक्रसतो. तळ बाहेर फुगतो आणि बाटली टेबलावर डुगडुगते. थोडक्यात, फार जाड तळ हाही दोषच.

खरा उपाय : फट चालताचालता बदलायची

डाय आणि मँड्रेल यांची टोकं शंकूसारखी निमुळती असतात. त्यामुळे मँड्रेल थोडा वर-खाली झाला, की दोघांमधली फट कमी-जास्त होते. नळी बाहेर येत असतानाच मँड्रेल हलवत राहिलं, तर एकाच नळीत काही भाग जाड आणि काही पातळ असे पट्टे करता येतात. याला पॅरिसन प्रोग्रॅमिंग म्हणतात. आजच्या मशीनच्या पडद्यावर नळीची पूर्ण लांबी १०० किंवा त्याहून जास्त बिंदूंमध्ये विभागलेली दिसते आणि प्रत्येक बिंदूला किती फट हवी ते ठरवता येतं.

आपल्या बाटलीत तळ आणि कोपरा मिळून वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ६ ग्रॅम आहे असं धरू. फक्त तेवढ्याच पट्ट्यात नळी १.६ पट जाड केली, तर ६ ग्रॅमचे ९.६ ग्रॅम होतात. वाढ फक्त ३.६ ग्रॅम. खांद्यापाशी गरजेपेक्षा जास्त जाडी होतीच, तिथली फट कमी करून हे ३.६ ग्रॅम परत मिळवता येतात. बाटलीचं वजन पुन्हा ६० ग्रॅम!

इथेच सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. दोन्ही बाटल्यांचं वजन ६० ग्रॅम. पण एकीचं जास्तीचं प्लॅस्टिक खांद्यावर बसलेलं आहे, दुसरीचं कोपऱ्यात. काटा फक्त एकूण प्लॅस्टिक सांगतो, ते कुठे आहे हे सांगत नाही.

हे काम पडद्यावर दिसतं तितकं सोपं मात्र नाही. जाड पट्टा नेमका कोपऱ्यात जाऊन बसायला हवा. बाटलीची मान वर आणि तळ खाली असेल, तर नळीचा आधी बाहेर पडलेला भाग तळाला जातो. म्हणून तळाचा पट्टा प्रोग्रॅमच्या सुरुवातीला येतो. आता काही कारणाने नळी दोन-तीन सेंटिमीटर जास्त लांब आली, तर हा जाड पट्टा चिमट्याच्या खाली जातो आणि सरळ फ्लॅशमध्ये कापला जातो. वजन वाढवलं, पण कोपरा पातळच! अनुभवी ऑपरेटर यासाठी एक युक्ती करतात. प्रोग्रॅममध्ये एकाच बिंदूला फट क्षणभर एकदम वाढवतात. तयार बाटलीवर त्या जागी एक जाड कडं दिसतं. ते कुठे आलं हे बघून कोणता बिंदू बाटलीच्या कोणत्या उंचीला जातो ते कळतं.

नळीच्या लोंबण्यावरचा इलाजही हाच. शेवटी बाहेर येणारा वरचा भाग ताणला जाणार हे माहीत असतं, म्हणून नळी लांब होत जाईल तशी फट हळूहळू वाढवत नेतात.

बाटली कुठे फुटली, यावरून दोष कळतो

बाटलीत पाणी भरून ती ठरावीक उंचीवरून टाकून बघणं ही कारखान्यातली नेहमीची चाचणी. पण ‘फुटली’ एवढं पुरेसं नाही, कुठे फुटली ते बघावं लागतं.

चीर तळाच्या गोल कडेने गेली असेल, तर कोपरा पातळ आहे. तिथे प्रोग्रॅम बघायचा. चीर तळाच्या मधल्या सरळ रेघेवर असेल, तर जाडी वाढवून उपयोग नाही, कारण दोष जोडाचा आहे. तिथे चिमट्याच्या धारा, साचा बंद होण्याचा वेग आणि प्लॅस्टिकचं तापमान तपासायचं. नळी जास्त थंड झाली असेल, तर दोन भिंती नुसत्या चिकटतात, एकजीव होत नाहीत.

खात्री करायची असेल, तर बाटली उभी कापतात आणि वरपासून खालपर्यंत ठरावीक अंतरावर मायक्रोमीटरने जाडी मोजतात. एकदा नव्हे, चारही बाजूंना. कारण कधी कधी एका बाजूला भिंत जाड आणि समोरच्या बाजूला पातळ निघते. याचा अर्थ मँड्रेल डायच्या मधोमध नाही. अशा वेळी नळीही खाली येताना एका बाजूला वळते. हा दोष प्रोग्रॅमने जात नाही, डायचे स्क्रू फिरवून फट सगळीकडे सारखी करावी लागते.

आणि इथेच या पद्धतीची मर्यादा येते. प्रोग्रॅम नळीची जाडी फक्त उभ्या दिशेने बदलतो. एका उंचीवर सगळ्या घेराला तो सारखीच जाडी देतो. गोल बाटलीला तेवढं पुरतं. पण तेलाचा पाच लिटरचा चौकोनी कॅन घेतला, तर त्याच्या सपाट बाजू जवळ आणि चार उभे कोपरे लांब असतात. त्या कोपऱ्यांसाठी घेराच्या त्या चार जागीच जास्त प्लॅस्टिक हवं. त्यासाठी डायच्या कडेला त्या जागी थोडं खोदून फट मोठी करतात. महागड्या मशीनमध्ये डायचं लवचीक कडं चालू असतानाच दाबून त्याचा आकार बदलण्याची सोय असते.

हा सगळा खेळ घरीही पाहता येतो. एखादी दुधाळ, अर्धपारदर्शक रिकामी बाटली घ्या, ती धुवून-पुसून लेबल काढा. अंधारात तिच्या एका बाजूला मोबाइलचा टॉर्च लावा आणि दुसऱ्या बाजूने बघा. जिथे उजेड जास्त येतो तिथे भिंत पातळ, जिथे मंद तिथे जाड. टॉर्च मानेपासून तळाकडे सावकाश न्या. तळाच्या कडेशी उजेड एकदम वाढला, तर त्या बाटलीचा कोपरा उपाशी राहिलेला आहे. ती बाटली भरून उंच फळीवर ठेवू नका.